दोन हत्ती आणि साठ प्राणी

सस्तन प्राण्यांच्या झोपेचा अभ्यास करताना ट्रुएट ॲलिसन आणि डोमेनिक चिकेटी या दोघा संशोधकांनी १९७६ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात बासष्ट प्राण्यांच्या शरीराचं आणि मेंदूचं वजन आहे. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना हा तक्ता चांगला ओळखीचा, कारण ‘आर’ या संगणकभाषेत तो `mammals` या नावाने तयार मिळतो. पाच ग्रॅमच्या चिचुंद्रीपासून ६,६५४ किलोंच्या आफ्रिकी हत्तीपर्यंत सगळे त्यात हजर आहेत. मोठ्या शरीराला मोठा मेंदू लागतो का, आणि लागत असेल तर किती, हे बघायचं म्हणजे ठिपक्यांचा आलेख काढायचा. आडव्या अक्षावर शरीर, उभ्या अक्षावर मेंदू, प्रत्येक प्राण्याचा एक ठिपका.

मी तो पहिल्यांदा काढला तेव्हा पंधरा सेंटिमीटर रुंद कागदावर मला मोजून तीन गोष्टी दिसल्या. उजवीकडे वर आफ्रिकी हत्ती. मध्याच्या अलीकडे, तोही वरच, आशियाई हत्ती. आणि डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग.

त्या डागात साठ प्राणी होते. हत्ती सोडले तर या यादीत सगळ्यात जड जिराफ, ५२९ किलोंचा. आडवा अक्ष ७,००० किलोंपर्यंत नेला की जिराफ डाव्या कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटरवर येतो. घोडा आणि गाय त्याला चिकटून. ३.३ किलोंची मांजर कडेपासून एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही जवळ, म्हणजे ती आणि उंदीर छापील कागदावर एकच. त्या गर्दीतून डोकं वर काढलेला माणूस तेवढा ओळखू येतो: ६२ किलो शरीर, १,३२० ग्रॅम मेंदू, उभ्या अक्षाला जवळजवळ टेकलेला. बाकी कागद कोरा. दोन ठिपक्यांसाठी जागा करायची म्हणून साठ ठिपके चिरडले गेले.

अशा लांब पडलेल्या ठिपक्याला आउटलायर म्हणतात. तो दिसला की पहिला संशय टंकलेखनावर घ्यावा. ग्रॅमच्या रकान्यात किलो भरलेत का, दशांशचिन्ह सरकलंय का? हत्तींच्या बाबतीत तसं काही नाही, हत्ती खरोखरच एवढे असतात. मग आलेखाचं काय करायचं? हातात तीन उपाय असतात: मापनी बदलणं, आलेख कापणं, किंवा गर्दीचा भाग कोपऱ्यातल्या चौकटीत मोठा करून दाखवणं.

मापनी बदलणं म्हणजे लॉग स्केल. अकरावी-बारावीला लॉग टेबल वापरलेल्यांना तिचं तत्त्व आठवत असेल. साध्या अक्षावर समान अंतर म्हणजे समान बेरीज, लॉग अक्षावर समान अंतर म्हणजे समान पट. एक किलो ते दहा किलो जेवढी जागा घेतं तेवढीच जागा शंभर ते हजार घेतं. आपल्या यादीत सगळ्यात जड प्राणी सगळ्यात हलक्याच्या तेरा लाख पटींहून जड आहे. इतका पसारा सहा-सात सारख्या टप्प्यांत बसतो. ०.००१ पासून १०,००० किलोंपर्यंत सात टप्पे, प्रत्येकाला दोन सेंटिमीटर. मेंदूचा अक्षही तसाच केला की डाग सुटतो आणि बासष्टच्या बासष्ट प्राणी एका तिरप्या, बऱ्यापैकी सरळ पट्ट्यात उभे राहतात.

गंमत अशी की हत्तीही त्याच पट्ट्यात, रांगेच्या टोकाला, निमूटपणे उभे असतात. म्हणजे ते आउटलायर नव्हतेच. साध्या मापनीने त्यांना तसं दाखवलं होतं. रांगेतून बाहेर असलेला प्राणी आता निराळाच निघतो. पट्ट्यातून काढलेल्या रेषेप्रमाणे ६२ किलोंच्या प्राण्याला १९० ग्रॅमच्या आसपास मेंदू असायला हवा. माणसाचा सातपट आहे. रेषेपासून इतका वर दुसरा कोणी नाही.

रेषेचा चढही काही सांगतो. तो सुमारे ०.७५ भरतो. म्हणजे शरीर दुप्पट झालं तर मेंदू दुप्पट होत नाही, साधारण १.७ पट होतो. शरीर दसपट झालं तर मेंदू साडेपाच पटींहून किंचित जास्त. मांजर आणि मोठे प्राणी यांच्यातलं हे नातं पहिल्या आलेखात होतंच, फक्त शाईखाली होतं.

(`Animals` नावाच्या अशाच दुसऱ्या तक्त्यात तीन डायनासोर आहेत. त्यातल्या ब्रॅकिओसॉरसचं शरीर ८७,००० किलो आणि मेंदू १५४.५ ग्रॅम धरला आहे, अर्थात हे जीवाश्मांवरून केलेले अंदाज. सस्तन प्राण्यांची रेषा तिथपर्यंत ताणली तर मेंदू चाळीस किलोंच्या वर यायला हवा. हा ठिपका लॉग स्केलवरही रेषेच्या कितीतरी खाली, एकटा पडतो. मापनी बदलूनही जो एकटा राहतो, तो खरा आउटलायर.)

लॉग स्केलची किंमत वाचकाला मोजावी लागते. त्या आलेखात चिचुंद्री आणि दुप्पट वजनाचं वटवाघूळ यांच्यात सहा मिलिमीटरचं अंतर आहे, आणि दोन हत्तींमध्ये आठ. पहिलं अंतर पाच ग्रॅमचं, दुसरं चार हजार किलोंचं! डोळ्याला दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून अक्षावरच्या खुणांना ०.०१, १, १००, १०,००० असे खरे आकडे द्यावेत. तिथे –२, ०, २, ४ असे लॉगचे आकडे छापणारे बघितले की त्यांना वाचकाचा काही राग आहे का, असं वाटतं. आणि ‘प्रत्येक खूण आधीच्या शंभरपट’ एवढी ओळ आलेखाखाली हवीच.

आता कापण्याकडे येऊ. ६०० किलोंच्या पुढचा भाग दाखवायचाच नाही, असं ठरवलं. यात हत्ती लपतात हा धोका उघड आहे. आलेखाच्या कडेवर बाणाची खूण करून बाजूला ‘आफ्रिकी हत्ती, ६,६५४ किलो’ असं लिहिलं की तो टळतो. कडेवर साधा ठिपका मात्र ठेवू नये. तसं केलं तर हत्ती सहाशे किलोंचा आहे असं आलेख बेधडक सांगतो. खरा घोटाळा संगणकात होतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. ‘आर’मध्ये `ggplot2` वापरून आलेख आणि त्यातून जाणारी सरळ रेषा काढली, आणि मग तो दोन प्रकारे कापला:

```r
library(MASS); library(ggplot2)
p <- ggplot(mammals, aes(body, brain)) +
  geom_point() + geom_smooth(method = "lm")
p + xlim(0, 600)
p + coord_cartesian(xlim = c(0, 600), ylim = c(0, 1400))
```

शेवटच्या दोन ओळी एकच काम करतात असं वाटतं. पण `xlim` हत्तींना आधी यादीतूनच काढून टाकतं आणि उरलेल्या साठ प्राण्यांवरून रेषा मोजतं. `coord_cartesian` रेषा बासष्टांवरून मोजतं आणि मग फक्त खिडकी लहान करतं. दोन चित्रांत ठिपके तेच, रेषा वेगळ्या. पहिल्या वेळी दोन ओळी वगळल्याची सूचना संगणक देतो, पण ती लाल अक्षरं वाचतो कोण? खात्री करायची सोपी रीत अशी: न कापलेल्या आलेखातली रेषा ६०० किलोंवर कुठे आहे ते बघायचं. सगळ्या प्राण्यांची रेषा तिथे ६७० ग्रॅमच्या जवळ असते. कापल्यावर ती हलली, तर कात्री चित्राबरोबर आकड्यांवरही चालली.

तिसरा उपाय इनसेटचा. शालेय नकाशात महाराष्ट्र मोठा असतो आणि कोपऱ्यातल्या चौकटीत भारतात तो कुठे आहे ते दाखवतात; इथे त्याच्या उलट. मूळ आलेखात दोन्ही हत्ती राहतात, आणि खाली उजवीकडच्या मोकळ्या जागेत डावा कोपरा मोठा करून बसवायचा. पण या प्राण्यांपुढे इनसेट हरतो. चौकट ० ते ६०० किलोंची केली की घोडा, गाय, जिराफ सुटे होतात, आणि २८० ग्रॅमचा घरातला मोठा उंदीर पुन्हा कोपऱ्यातल्या डागात जातो. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक, असं करत बसावं लागेल. पसारा दहाच्या पटींत टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला असेल तर लॉगला पर्याय नाही.

उलट बाजू मुंबईच्या पावसात दिसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४. समजा त्या पावसाळ्याच्या प्रत्येक दिवसाचा ठिपका मांडायचा आहे, आडवा अक्ष सांताक्रूझचा, उभा कुलाब्याचा. दहा सेंटिमीटरच्या अक्षावर १,००० मिलिमीटर बसवले की हवामान खातं ज्याला जोरदार पाऊस म्हणतं तो ६४.५ मिलिमीटरचा दिवससुद्धा कडेपासून साडेसहा मिलिमीटरवर येतो. पुन्हा डाग.

इथे लॉग घ्यायला हात शिवशिवतो, पण कोरड्या दिवसाचा पाऊस शून्य असतो आणि शून्याला लॉग नसतो. असे दिवस आलेखातून गुपचूप गळतात. काही जण प्रत्येक आकड्यात एक मिळवून वाट काढतात. मग मिलिमीटरचे इंच केले की त्याच पावसाचा आलेख वेगळा दिसतो, कारण एक मिलिमीटर आणि एक इंच मिळवणं सारखं नाही. शून्य टाळले तरी अडचण उरते. लॉग अक्षावर ०.१ ते १ मिलिमीटरची भुरभुर आणि १०० ते १,००० मिलिमीटरचा हाहाकार यांना सारखीच जागा मिळते. छत्री उघडावी की नाही, एवढ्याच फरकाला आलेखाचा पाव भाग कशाला द्यायचा? प्राण्यांच्या वजनात पट महत्त्वाची होती. रस्त्यावर साचणारं पाणी मिलिमीटरांच्या बेरजेने वाढतं.

आणि इथे हत्तींसारखी रांग नाही, एकच दिवस लांब आहे. म्हणून इनसेट किंवा कात्री, दोन्ही चालतात. नेहमीच्या पावसाळी दिवसांत दोन केंद्रांचा पाऊस किती जुळतो हे सांगायचं असेल तर मी अक्ष २५० वर कापीन, कडेवर बाण काढीन आणि शेजारी ९४४ लिहीन. त्या दिवसाबद्दलच लिहायचं असेल तर पूर्ण आलेख ठेवीन. ज्या कोपऱ्यातून चौकट मोठी केली त्याभोवती रेघ मारीन, ती चौकटीला जोडीन, आणि चौकटीच्या दोन्ही अक्षांवर तिचे स्वतःचे आकडे घालीन, कारण ते नसले की लोक चौकटीतले ठिपकेही मोठ्या मापनीनेच वाचतात. चौकट वरच्या बाजूला, मध्ये बसवायची. तिथे जागा मोकळीच असते. उजवं टोक मात्र झाकायचं नाही. तिथे, अगदी खाली, तो एक ठिपका आहे: आडवा ९४४, उभा ७४.