म्हशीचं तूप, गाईचं तूप: ताकात काय राहतं, तुपात काय उतरतं

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तिथंच हातात देतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला म्हशीच्या दुधातुपाबद्दल शंका येऊ नये. पण आमच्याच घरात, पुतणी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा, वाद झाला. आईनं साठवलेल्या म्हशीच्या तुपाची बरणी बाजूला ठेवली गेली आणि दुप्पट भावानं गाईचं तूप आलं. कारण एकच सांगितलं गेलं: म्हशीचं तूप जड, बाळंतिणीला पचत नाही. आई काही बोलली नाही, पण तिला ते लागलं. तिच्या चार मुलांचे अळिवाचे लाडू त्याच तुपातले होते.

हा वाद मला तडीस न्यावासा वाटला, म्हणून त्या जानेवारीत मी दोन्ही दुधांचं तूप एकाच ओट्यावर, एकाच हातानं कढवलं. आधी सांगतो की या विषयातला बहुतेक गोंधळ दुधाबद्दलच्या गोष्टी तुपाला चिकटवल्यामुळे झालेला आहे.

सुरुवात फॅटपासून करू. गावातल्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी एकच प्रश्न ऐकू येतो: 'आज फॅट किती लागली?' भाव ठरवताना म्हशीच्या दुधाला 6 आणि गाईच्या दुधाला 3.5 फॅट धरतात. म्हणजे एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे 62 ग्रॅम स्निग्धांश असतो, तर गाईच्या दुधात सुमारे 36 ग्रॅम. हा फरक मोठा आहे, आणि 'म्हशीच्या तुपात फॅट जास्त' हा समज इथूनच निघतो. पण तूप म्हणजे दुधातला स्निग्धांशच, बाकी सगळं काढून टाकल्यावर उरलेला. अन्नसुरक्षा कायद्याच्या मानकाप्रमाणे तुपात किमान 99.5 टक्के दुग्धस्निग्धांश हवा आणि पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. हा नियम दोन्ही तुपांना सारखाच आहे. पाच ग्रॅमचा चमचा घ्या, कुठल्याही बरणीतून घ्या, त्यात सुमारे 45 कॅलरी येणार. संपृक्त स्निग्धाम्लांचं प्रमाणही दोन्हीकडे साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास असतं. कोलेस्टेरॉल तर म्हशीच्या तुपात किंचित कमीच भरतं, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

दुधातल्या फॅटचा फरक खरा जाणवतो तो खिशाला. एक किलो तुपासाठी म्हशीचं निदान सोळा लिटर दूध लागतं आणि गाईचं अठ्ठावीसच्या आसपास, तेही थेंबभर स्निग्धांश वाया गेला नाही तर. घरी साय काढून, विरजून, घुसळून तूप करताना थोडा स्निग्धांश दुधात राहतो, थोडा ताकात जातो, त्यामुळे दूध याहून बरंच जास्त लागतं. गाईच्या दुधावर साय पातळ येते, कारण त्यातले स्निग्ध कण लहान असतात आणि सावकाश वर येतात. माझं गाईच्या दुधाचं लोणी जमायला म्हणूनच जवळपास दुप्पट दिवस लागले. गाईचं तूप महाग असण्यामागे हे एक सरळ कारण आहे.

आता हेच लहान कण पचनाच्या गप्पांत कसे शिरतात ते पाहा. गाईच्या दुधातले कण लहान म्हणून ते पचायला हलकं, असं म्हणतात. दुधापुरतं त्यात तथ्य असेल. पण हे कण म्हणजे स्निग्धांशाचे बारीक थेंब, प्रत्येकाभोवती एक पातळ आवरण. विरजण घुसळलं की ती आवरणं फुटतात आणि थेंब एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा होतो. पुढं लोणी कढवलं की उरलंसुरलं आवरण, पाणी आणि प्रथिनं यांचा निकाल लागतो. पाणी तडतडत उडून जातं, प्रथिनं तळाशी बेरी होऊन बसतात. तुपात गाईचा लहान कण नाही आणि म्हशीचा मोठा कणही नाही. तिथं फक्त वितळलेला स्निग्धांश आहे.

'ए-टू' तुपाचंही असंच आहे. ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचे प्रकार. हे प्रथिन ताकात आणि बेरीत राहतं, तुपात जवळजवळ उतरतच नाही. ज्या प्रथिनाची किंमत आपण मोजतो, ते त्या बरणीत नसतं. शिवाय म्हशीच्या दुधातलं हे प्रथिन मुळात ए-टू प्रकारचंच असतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. दुधातली साखरही ताकाबरोबर निघून जाते. म्हणून दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या बऱ्याच माणसांना तूप चालतं.

मग फरक उरतो कुठं? रंगात आणि रव्यात. माझ्या दोन्ही बरण्यांनी हे एका रात्रीत दाखवलं.

दोन्ही लोणी मंद आचेवर ठेवली होती. आधी फेस आला, मग पाणी उडताना तडतड सुरू झाली. आवाज थांबला, बुडबुडे बारीक झाले, बेरी फिकट तांबूस झाली आणि मी आच बंद केली. वस्त्रगाळ करून सारख्याच दोन काचेच्या बरण्यांत ओतलं आणि फडताळात ठेवलं. गरम असतानाच रंग वेगळे दिसत होते. गाईचं तूप पिवळंधमक, तर म्हशीचं जवळजवळ बिनरंगी, उजेडात धरलं की किंचित हिरवट झाक.

गाईचा पिवळा रंग चाऱ्यातून येतो. हिरव्या चाऱ्यात बीटा कॅरोटीन हे रंगद्रव्य असतं, गाजरात असतं तेच. गाय त्यातल्या थोड्या भागाचं अ जीवनसत्त्व करते आणि उरलेलं कॅरोटीन तसंच दुधाच्या स्निग्धांशात सोडते. म्हैस जवळपास सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, आणि अ जीवनसत्त्वाला डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. म्हणजे पांढरं तूप निकस नाही. गाय जे अर्धवट काम आपल्या शरीरावर सोडते, ते म्हशीनं आधीच उरकलेलं असतं. गाईच्या तुपाचा रंगही बारमाही सारखा नसतो. पावसाळ्यात हिरवा चारा भरपूर मिळाला की तो गडद होतो, उन्हाळ्यात कडब्यावर दिवस काढणाऱ्या गाईचं तूप फिकट होतं.

म्हणून रंगावरून खरेदी करणाऱ्यांनी जपावं. तुपात रंग घालायला परवानगी नाही, पण म्हशीच्या तुपात पिवळा रंग घालून ते गाईचं म्हणून विकणं अवघड नाही. शिवाय बेरी जळेपर्यंत कढवलेलं म्हशीचं तूपही पिवळसर दिसतं. नीट पाहिलं तर तो रंग तपकिरीकडे झुकलेला असतो आणि वासाला करपट लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं तूप छान थिजलेलं होतं, बोटांनी चुरगाळला तर जाणवेल असा मोठा रवा. गाईचं तूप मऊ होतं, रवा बारीक आणि वर पातळ तुपाचा थर. म्हशीच्या स्निग्धांशात जास्त तापमानाला वितळणारा भाग अधिक असतो, म्हणून तो आधी गोठतो आणि तुपात मोठे दाणे धरतात. एप्रिलमध्ये गाईचं तूप पूर्ण पातळ झालं होतं, म्हशीच्या बरणीत तळाला रवा टिकून होता. बेसनाचे लाडू बसत नाहीत आणि वळताना हातातून घसरतात, अशी तक्रार येते तेव्हा तूप कशाचं होतं ते विचारावं. म्हशीच्या तुपात लाडू घट्ट बसतो.

पण रवा हीही शुद्धतेची खूण नव्हे. गरम तूप लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर अस्सल तुपालाही रवा येत नाही, आणि वनस्पती तूप मुद्दाम रवाळ करता येतं. चाऱ्याचाही परिणाम मोठा. विदर्भ-खानदेशात सरकी खाणाऱ्या जनावराचं तूप टणक आणि मोठ्या रव्याचं होतं, इतकं की अशा कापूसपट्ट्यातल्या तुपासाठी ॲगमार्कनं वेगळं मानक ठेवलं. सरकीवर पोसलेल्या गाईचं तूप घट्टपणात म्हशीच्या तुपाजवळ जातं.

आता पुतणीचा प्रश्न. तुपाचा घास पोटात गेला की तो सदतीस अंशांच्या ऊबेत येतो. त्या तापमानाला दोन्ही तुपं जवळजवळ पूर्ण वितळतात. पुढं लहान आतड्यात पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो, स्वादुपिंडातलं लायपेज त्या थेंबांवर काम करतं. दुधाच्या स्निग्धांशातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग निरोगी माणूस पचवून शोषून घेतो. लहान साखळीची स्निग्धाम्लं तर सरळ यकृताकडे जातात, आणि त्यांतलं ब्युटिरिक आम्ल म्हशीच्या तुपात थोडं जास्तच असतं. म्हशीच्या तुपातला जास्त तापमानाला वितळणारा भाग थोडा सावकाश हलत असेल, पण जेवणात घेतलेल्या चमचा-दोन चमच्यांत त्यामुळे जडपणा येण्याचं कारण नाही.

जडपणा येतो तो प्रमाणामुळे. कुठलाही स्निग्धांश जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ वाढवतो. पुरणपोळीवर चार चमचे तूप, वर कटाची आमटी आणि भजी असं जेवण झालं की दुपारी डोळे मिटणारच, तूप गाईचं असलं तरी. पित्ताशयात खडे असलेल्यांना किंवा स्वादुपिंडाचा आजार झालेल्यांना डॉक्टर तूप कमी करायला सांगतात, तेव्हा ते दोन्ही तुपांबद्दल असतं. तिथं 'गाईचं आहे ना' ही पळवाट चालत नाही.

आयुर्वेदानं गाईच्या तुपाला पहिला मान दिला आहे. चरकसंहितेत म्हशीचं दूध गाईच्या दुधाहून जड आणि झोप आणणारं म्हटलं आहे, तेही निद्रानाश आणि अती प्रखर भूक असलेल्यांना उपयोगी म्हणून. औषधी तूप वैद्याच्या सल्ल्यानं घेत असाल तर त्यानं सांगितलेलंच तूप वापरा. पण जडपणाचं ते वर्णन दुधाचं आहे, आणि ताज्या दुधाच्या पेल्याला ते लागूही पडतं, कारण त्यात स्निग्धांशही जास्त आणि प्रथिनंही जास्त.

तूप खरोखर बाधतं ते खवट झाल्यावर. कढवताना पाणी राहिलं, बरणी ओली होती किंवा आठवडे साठवलेली साय आंबून गेली, तर तूप लवकर खवटतं, घशाला खवखवतं, पोटात मळमळतं. याला गाय-म्हैस जबाबदार नाही. तडतड पूर्ण थांबेपर्यंत कढवा, कोरड्या बरणीत भरा आणि कोरडाच चमचा घाला.

पुतणीचे उरलेले लाडू आईच्या तुपात झाले. रोज एक लाडू आणि भातावर एक चमचा तूप, इतकंच ठेवलं होतं. बाजूला ठेवलेली ती बरणी तिनं दीड महिन्यात संपवली, आणि तिला काहीही त्रास झाला नाही.