संन्याशी, सूळ आणि गवताची काडी

आज संचित आणि प्रारब्ध यांचा राहिलेला हिशेब पुरा करायचं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यावर. कारण साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि ते चार दिवस माझ्या टेबलावरून हलायला तयार नाही. बाई लिहितात, ‘भोगतो तो आपल्याच कर्माचं भोगतो, असं तुम्ही गेल्या वेळी सांगितलंत. मग चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा राजा निर्दोषच म्हणायचा की! त्याने संन्याशाची जुनी थकबाकी वसूल केली, एवढंच.’

बाई, तुमचा संन्याशी महाभारताच्या आदिपर्वात आहे. त्याचं नाव मांडव्य. आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून, मौन धरून उभा. पाठलाग चुकवत आलेले चोर लुटीचा माल घेऊन त्याच्याच आश्रमात शिरतात. मागून शिपाई येतात आणि चोर कुठल्या वाटेने गेले म्हणून विचारतात. मौनव्रती काय बोलणार? शिपाई झडती घेतात तर माल आत, चोरही आत. राजाच्या लेखी मौन म्हणजे कबुली. (इथे म्हणीत थोडी दुरुस्ती हवी. राजा चोरांना सोडत नाही. चोरांच्या जोडीला संन्याशालाही मृत्युदंड देतो.) मांडव्य सुळावर चढतो, पण मरत नाही. पुढे राजाला चूक कळते, तो पाया पडतो, सूळ उपसायला जातो. सूळ निघत नाही. शेवटी बाहेरचा भाग कापून टाकतात आणि उरलेलं टोक अंगात घेऊनच हा माणूस हिंडतो. त्या टोकाला म्हणतात अणी, म्हणून तो अणीमांडव्य.

सुळावर असताना इतर ऋषी त्याला विचारतात, तेव्हा त्याचं म्हणणं असं की दोष कुणाला देऊ, दुसऱ्या कुणी माझा अपराध केलेला नाही. कर्मसिद्धान्त पचवलेल्या माणसाचं हे उत्तर आहे, आणि बहुतेक कीर्तनकार इथेच थांबतील. मांडव्य थांबत नाही. तो थेट धर्माच्या दरबारात जाऊन जाब विचारतो, की माझ्याकडून नकळत असं कोणतं पाप झालं ज्याचं हे फळ? धर्म सांगतो, तू पतंगांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस.

लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवलेला निदान एकतरी वाचक असेलच. मी उडवलाय. त्यामुळे हे वाक्य मला दर वेळी जरा टोचतं.

मांडव्य काडीचा आरोप नाकारत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे. अपराध एवढासा आणि दंड केवढा! तो धर्मालाच शाप देतो, की तू शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेशील. शिवाय नवी मर्यादा घालून देतो, की चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचं पातक लागणार नाही. प्रचलित पाठात बारा वर्षांचाही उल्लेख येतो.

आता पाश्चात्त्यांकडे वळू. त्यांच्याकडे शिक्षेला ‘पात्र’ असणं ही फार काटेकोर कल्पना आहे. जोएल फाइनबर्ग यांनी 1963च्या निबंधात मांडलं, की पात्रतेला आधार लागतो आणि तो त्या माणसाच्याच एखाद्या गुणात किंवा कृतीत असावा लागतो. शिक्षा दिल्याने समाजाचं भलं होतं, हे शिक्षा देण्याचं कारण असू शकेल, पण तेवढ्याने माणूस शिक्षेला पात्र होत नाही. या कसोटीवर धर्माचा निवाडा निम्मा उतरतो. आधार आहे, काडी मांडव्यानेच खुपसली. पण काडी आणि सूळ यांचं माप जुळत नाही, आणि काडी खुपसणाऱ्याला समज होती का, हे कुणी विचारलेलं नाही. मांडव्याची चौदा वर्षांची मर्यादा नेमकी या दुसऱ्या भोकावर ठिगळ लावते. आपल्या 1860च्या दंडसंहितेनेही सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा मानलं नव्हतं, आणि सात ते बारामधल्या मुलाला परिणाम उमजण्याइतकी समज होती का ते पाहायला सांगितलं होतं. नव्या न्याय संहितेतही तेच आकडे आहेत.

तिसरं भोक जॉन लॉकला दिसलं होतं. 1694मध्ये त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या ओळखीवरचं प्रकरण आलं. त्यात तो विचारतो, मागच्या जन्मातल्या कृत्याची शिक्षा आज दिली आणि त्या कृत्याची जाणीवच त्या माणसात उरलेली नसेल, तर ही शिक्षा आणि मुळात दुःखीच जन्माला घालणं यांत फरक काय? मांडव्याचा मामला याच जन्मातला होता, तरी त्याला काडी आठवत नव्हती. दरबारापर्यंत पोचलाच नसता तर सूळ कशाबद्दल, हे त्याला कधी कळलंच नसतं. आरोपपत्र न देता शिक्षा भोगायला लावणारं कोर्ट आपण एक दिवस चालू देणार नाही.

आता बाईंचा राजा. माझं मत असं, की तो सुटत नाही. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात कर्माचा विपाक तीन रूपांत सांगितला आहे: जाती, आयुष्य आणि भोग. म्हणजे भोगणाऱ्याच्या वाट्याला काय येतं एवढंच. दुसऱ्या माणसाने काय ठरवावं, ते या यादीत नाही. मांडव्याच्या वाट्याला वेदना होती असं मानलं, तरी मौनाला कबुली समजून चौकशी आटोपती घेणं हे राजाचं स्वतःचं कर्म, त्याच्या खात्यावरचं ताजं क्रियमाण. उद्या फाशी जाणार असलेल्या कैद्याला पहाऱ्यावरच्या शिपायाने आज रात्री गळा दाबून मारलं, तर तो खूनच. कैदी मरणाला पात्र होता, हा शिपायाचा बचाव होऊ शकत नाही. मांडव्य राजाला माफ करतो. मुळात दोषच नसता तर माफ कशाला केलं असतं?

कर्माच्या नावाने राजाला सोडून देण्याची सोय मात्र लोकांनी खूप वापरली. कुणाची गरिबी, कुणाचं गावकुसाबाहेरचं जिणं, सगळं ज्याच्या-त्याच्या मागच्या जन्मावर टाकलं की शिपाई, राजा, गाव, सगळेच मोकळे. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर हाच ठपका ठेवला, की गरीब-दुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी त्यामुळे राज्याच्या आणि समाजाच्या अंगावरून झटकली जाते. आणि गंमत पाहा, मांडव्याची गोष्टही त्या रोगातून सुटलेली नाही. चुकीच्या शिक्षेवर भांडणारा हा माणूस स्वतः शिक्षा देतो ती जन्माची. शूद्र स्त्रीच्या पोटी येणं हाच दंड, हे तो गृहीत धरून बसला आहे. काडीच्या मापाचा एवढा बारीक विचार करणाऱ्याला हे माप खटकलं नाही.

धर्म त्या शापाने दासीच्या पोटी जन्मला तो विदुर. कुरूंच्या सभेत द्रौपदीला ओढून आणलं आणि तिचा प्रश्न ऐकून मोठमोठे गप्प बसले, तेव्हा प्रश्नाचं उत्तर द्या, सभेत अधर्म घडू देऊ नका, म्हणून उठून बोलणाऱ्या मोजक्यांत तो होता. बाई, त्या गप्प बसलेल्यांचं काय, हे तुम्ही पुढच्या पत्रात विचारणार याची मला खात्री आहे. तेवढी सवड द्या, आधी संचिताचा हिशेब उरकतो.