मजकूरच पोहोचला नाही, तर लहान काय करणार?

एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांचं उदाहरण घेऊ. लिफ्ट बदलण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची आहे. त्यांनी मोबाइलवरच्या एआय चॅटमध्ये सूचनापत्राचा मसुदा तयार करून घेतला. सभा रविवारी सकाळी दहा वाजता, तीन ठेकेदारांची दरपत्रकं आली आहेत, प्रत्येक सदनिकेमागे अंदाजे २२,५०० रुपये दोन हप्त्यांत, आणि तळमजल्यावरच्या सभासदांनी किती वाटा उचलायचा हे सभेतच ठरेल, असा साधारण साडेतीनशे शब्दांचा मजकूर. तो त्यांनी कागदावर उतरवला, दोन दिवस कमिटीत फिरवला. सगळ्यांचं म्हणणं पडलं की फलकावर लावायला हे फार लांब आहे. सचिवांनी पुन्हा फोन काढला, नवीन चॅट उघडली आणि लिहिलं, ‘आता हे जरा लहान करून दे. लिफ्टच्या सभेचं आहे.’

उत्तर आलं आणि तेही नेटकं. पण त्यात सभा संध्याकाळी सहा वाजता होती, विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता, आणि तळमजल्याचा उल्लेखच नव्हता. हे जुन्या पत्राचं संक्षिप्त रूप नव्हतंच. लिफ्टच्या सभेचं पत्र साधारण कसं असतं, या अंदाजावर रचलेलं ते वेगळंच पत्र होतं.

असं का होतं, हे समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. चॅटमागचं भाषा मॉडेल दोन संदेशांच्या मधल्या काळात काहीही लक्षात ठेवत नाही. आपण प्रत्येक वेळी ‘पाठवा’ दाबतो, तेव्हा त्या चॅटमधलं आतापर्यंतचं बोलणं अ‍ॅप पुन्हा गोळा करतं आणि नव्या वाक्यासकट मॉडेलकडे नव्याने धाडतं. मॉडेल ते वाचून उत्तर देतं आणि तिथे त्याचं काम संपतं. एकाच चॅटमध्ये विनंती केली असती, तर मॉडेलकडे साधारण असं काही गेलं असतं:

```
[
  {"role": "user", "content": "सभेचं सूचनापत्र लिहून दे..."},
  {"role": "assistant", "content": "सर्व सभासदांस..."},
  {"role": "user", "content": "आता हे जरा लहान करून दे."}
]
```

नव्या चॅटमधून मात्र एवढंच गेलं:

```
[
  {"role": "user", "content": "आता हे जरा लहान करून दे. लिफ्टच्या सभेचं आहे."}
]
```

यातलं ‘हे’ कशाला उद्देशून आहे, हे सचिवांना पक्कं ठाऊक आहे. ते पत्र त्यांच्या हातात आहे, जुन्या चॅटमध्येही आहे. पण मॉडेलपर्यंत आलेल्या यादीत ते कुठेच नाही. काही अ‍ॅप जुन्या चॅटमधल्या नोंदी साठवतात आणि त्यातला काही भाग नव्या चॅटसोबत जोडतात. तरी त्या नोंदी म्हणजे मूळ मजकूर नव्हे.

नवीन चॅट उघडली की हे होतं, एवढं लोकांच्या लवकर लक्षात येतं. त्याहून फसवा प्रकार एकाच लांब चॅटमध्ये घडतो. मॉडेल एका वेळी किती वाचू शकतं याला मर्यादा असते, आणि ती टोकनांत मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने विकसकांना दिलेल्या जीपीटी-३.५ टर्बोची मर्यादा ४,०९६ टोकनांची होती. त्यात इंग्रजीचे साधारण तीन हजार शब्द मावत. मराठीच्या वाट्याला त्याहून खूपच कमी जागा येई, कारण शब्दांचे तुकडे पाडण्याची तेव्हाची पद्धत इंग्रजीला सोयीची होती. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनेच एक तुलना दिली होती. परिचयाच्या एकाच छोट्या मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकन लागत आणि मराठीत ९६. नव्या पद्धतीत हे आकडे २४ आणि ३३ वर आले. म्हणजे जुन्या मॉडेलशी मराठीत बोलणाऱ्याची जागा साडेतीनपट वेगाने भरत होती. त्याच्या चॅटमधला सुरुवातीचा मजकूर इंग्रजीत बोलणाऱ्याच्या कितीतरी आधी मर्यादेबाहेर जात असे, आणि याची सूचना त्याला बहुधा मिळत नसे. हा मराठी वापरणाऱ्यांवर अन्यायच होता, आणि तो पुष्कळसा कमी झाला हे फार बरं झालं.

आज मर्यादा खूप वाढल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या जेमिनी १.५ प्रोमध्ये दहा लाख टोकनांची सोय होती. तरीही सगळी अ‍ॅप प्रत्येक वेळी पूर्ण मर्यादा वापरत नाहीत, कारण जास्त मजकूर म्हणजे जास्त खर्च. संभाषण लांबलं की काही अ‍ॅप सर्वांत जुने संदेश गाळतात. काही जुन्या भागाचा सारांश करून तोच पुढे पाठवतात. माझ्या मते हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे. मूळ पत्र पूर्ण गळालं तर उत्तर उघड चुकतं. सारांश उरला असेल तर विषय बरोबर येतो, रक्कमही बरोबर येते, आणि नेमकी ‘तळमजल्याचा वाटा सभेत ठरेल’ ही अट निसटते. वाचणाऱ्याला शंका यावी असं त्यात काहीच दिसत नाही.

मजकूर नसताना मॉडेल तसं सांगून मोकळं का होत नाही? ज्या लिखाणावर ते घडलं, त्यात ‘लहान करा’ या विनंतीपाठोपाठ जवळपास नेहमीच लहान केलेला मजकूर येतो. शिवाय प्रशिक्षणात माणसांनी उत्तरांना पसंती दिली, तेव्हा काम करून देणारं उत्तर साहजिकच वरचढ ठरलं. त्यामुळे हाती असलेल्या एखाद्या धाग्यावरून, इथे ‘लिफ्ट’ आणि ‘सभा’ या दोन शब्दांवरून, बाकीचं भरून काढण्याकडे त्याचा ओढा असतो. योग्य उत्तर फार छोटं आहे. मूळ मजकूर इथे दिसत नाही, तो पुन्हा द्या, आणि किती शब्दांत हवा ते सांगा. थोडाच भाग दिसत असेल, तर कोणता दिसतो तेही सांगायला हवं. चांगली मॉडेलं आता बरेचदा असंच करतात. अशा उत्तराने वापरणारा वैतागतो, पण एका वाक्याचा वैताग चुकीच्या वेळेला जमलेल्या सभासदांपेक्षा परवडतो.

हाती आलेला मजकूर खरोखर मूळ पत्राचाच आहे का, हे ओळखता येतं. मजकूर लहान करताना गोष्टी फक्त कमी होऊ शकतात, नव्या येऊ शकत नाहीत. मुळात नसलेली एखादी वेळ, रक्कम, नाव किंवा तारीख दिसली, तर मूळ पत्र समोर नव्हतं किंवा नीट वाचलं गेलं नाही, असं समजावं. मग उलट बाजूने पाहावं. ‘नाही’, ‘जर’, ‘वगळून’, ‘सभेत ठरेल’ असे शब्द असलेली मूळ वाक्यं एकेक करून नव्या मजकुरात शोधावीत, कारण गळतात ती बहुतेक हीच. लांब चॅटमध्ये शंका असेल तर आधी मूळ मजकुराचं पहिलं आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं मागावं. शब्दही बदलला असेल, तर पूर्ण मजकूर पोहोचत नाही असं धरून चालावं.

आणि मजकूर महत्त्वाचा असेल तर ही तपासणी करत बसण्यापेक्षा तो पुन्हा चिकटवणंच सोपं. एकाच संदेशात विनंती आणि संपूर्ण मजकूर दोन्ही द्यावेत: ‘खालील सूचना १२० शब्दांत कर, तारीख, वेळ, रक्कम आणि तळमजल्याबद्दलचं वाक्य बदलू नकोस’, आणि त्याखाली अख्खं पत्र. सही करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकदा वाचावेत.