आराखडा नवा, काम जुन्यावर

इमारतीचे बांधकाम चालू असताना तिचे आराखडे अनेकदा बदलतात. एखादी भिंत सरकते, लिफ्टची जागा बदलते आणि त्यानुसार तुळईचे माप नव्याने ठरवावे लागते. त्यात वावगे काही नाही. अडचण उद्भवते ती सुधारित आराखडा कार्यालयातून निघाल्यानंतरही साइटवर जुन्याच आराखड्यानुसार काम होत राहिले तर.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील तुळयांचा आराखडा एस-२०४ या क्रमांकाचा आहे. त्याच्या ‘आर-२’ या आवृत्तीत एका तुळईची खोली ४५० मिलिमीटर होती. पुढे त्या तुळईवर भिंत आली आणि ‘आर-३’ मध्ये खोली ६०० मिलिमीटर झाली. नवा आराखडा अभियंत्याकडे पोहोचला, सेंटरिंगवाल्यानेही फळ्या त्याप्रमाणे लावल्या. सळया कापणाऱ्या फिटरच्या हाती मात्र आराखडा नव्हता, तर त्यावरून काढलेला सळयांचा तक्ता होता. आणि तो ‘आर-२’ वरून तयार झालेला होता. वर व खाली २५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सोडल्यास जुन्या मापाची रिंग ४०० मिलिमीटर उंच होते, नव्या मापाची ५५०. काँक्रीट ओतण्यापूर्वी हा फरक ध्यानात आला तर लोखंड आणि दोन-तीन दिवस वाया जातात. न आला तर वरच्या सळया १५० मिलिमीटर खाली राहतात, तुळईची ताकद घटते आणि बाहेरून ते दिसतही नाही.

अशा चुका टाळण्याची पद्धत आवृत्तीच्या क्रमांकापासून सुरू होते. फाइलच्या नावात ‘फायनल’ किंवा ‘नवीन’ असे शब्द घातल्याने काहीच कळत नाही. आठवडाभराने त्याहून नवीन फाइल येतेच. आराखड्याचा क्रमांक कायम ठेवून केवळ आवृत्ती बदलावी, जसे `S-204_R2.pdf` आणि नंतर `S-204_R3.pdf`. हाच क्रमांक आराखड्यावरील शीर्षकाच्या चौकटीतही हवा आणि त्यासोबत तारीख व बदलाचे कारण एका ओळीत लिहिलेले असावे. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेषा काढून त्रिकोणात आवृत्तीचा अंक देण्याचा प्रघात आहे, तो याच हेतूने. एकदा बाहेर गेलेल्या आराखड्यात एका आकड्याचा बदल केला तरी आवृत्ती वाढवलीच पाहिजे. एकाच ‘आर-३’ नावाचे दोन भिन्न कागद फिरू लागले की कोणतीही तपासणी व्यर्थ ठरते.

दुसरा आधार म्हणजे आराखड्यांची नोंदवही. प्रत्येक आराखड्याची चालू आवृत्ती कोणती, ती कोणाला किती प्रतींत दिली, पोच मिळाली का, याची नोंद एकाच ठिकाणी आणि एकाच व्यक्तीने ठेवावी. त्या आराखड्यावरून तयार झालेले सळयांचे तक्ते, मोजमापे, साहित्याच्या मागण्या यांचीही नोंद त्याच ओळीत असावी आणि प्रत्येक तक्त्यावर ‘एस-२०४, आर-२ वरून’ असा उल्लेख हवा. उदाहरणातील तक्त्यावर तो असता तर ‘आर-३’ येताच तो तक्ताही रद्द करावा लागणार, हे नोंदवहीतूनच समजले असते.

तिसरी आणि बहुधा राहून जाणारी पायरी म्हणजे जुन्या प्रती परत घेणे. ‘आर-२’ च्या चार प्रती दिल्या असतील तर ‘आर-३’ देताना चारही मोजून परत घ्याव्यात. संदर्भासाठी एक प्रत ‘रद्द’ असा शिक्का मारून कार्यालयात ठेवावी, बाकीच्या नष्ट कराव्यात. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५च्या आवृत्तीतही कागदपत्रांतील बदलांवर नियंत्रण ठेवण्याची अपेक्षा आहे.

संगणकावरील सामाईक फोल्डर वा त्यासाठीची प्रणाली जुन्या आवृत्त्या जपते आणि नवी पुढे ठेवते. परंतु भिंतीवर चिकटवलेला कागद ती काढू शकत नाही, की कोणाच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलेली प्रत पुसू शकत नाही. म्हणून शेवटची तपासणी जागेवरच करावी लागते. काँक्रीट ओतण्याची परवानगी देताना अभियंत्याने हातातील आराखड्याची आणि सळयांच्या तक्त्याची आवृत्ती त्याच दिवशीच्या नोंदवहीशी पडताळून परवानगीच्या कागदावर लिहावी. आवृत्ती जुळत नसेल तर त्या तुळईचे काँक्रीट थांबवावे. स्लॅब पडल्यानंतर हीच चूक फोडकामानेच दुरुस्त करावी लागते.