एका मेलचा दिवस

सकाळी ७. कळंबा तलावावर फिरून आले. सप्टेंबर लागला तरी आभाळ भरलेलंच. माझा धंदा ओल अडवणाऱ्या लॅमिनेटच्या पिशव्यांचा, त्यामुळं अशा हवेत आधी गूळवाले आठवतात.

९ वाजता शहरातल्या एका दुकानाचे गूगलवरचे अभिप्राय वाचायला घेतले. हे दुकान पुण्या-मुंबईला कुरिअरनं गूळ पाठवतं. तक्रारी तीनच, पण तिन्ही जुलै-ऑगस्टमधल्या: गूळ चिकट झाला, कागद सुटेना. हिवाळ्यात सगळी तारीफच. म्हणजे माल चांगला आहे, वाटेत ओल धरतो. गुळातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गुळाला पाझर सुटतो.

११. पहिला मसुदा 'आमची फर्म' इथून सुरू झाला. खोडला. अनोळखी माणसाला माझ्या फर्मचं काय? शेवटी मागण्याही तीन होत्या: कॅटलॉग बघा, फोन करा, भेटायला येऊ का. तीन गोष्टी मागितल्या की माणूस 'सवडीनं बघू' म्हणतो आणि ती सवड येत नाही. दुसऱ्या मसुद्यात 'तुमच्या पॅकिंगमुळं' असं लिहिलं होतं. तेही काढलं, त्यांचं पॅकिंग मी पाहिलेलं नाही.

दुपारी १ ला हे उरलं:

विषय: पावसाळ्यात कुरिअरनं जाणारा गूळ

नमस्कार,
जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या तीन गिऱ्हाइकांनी गूळ चिकट होऊन पोचल्याचं लिहिलंय. हिवाळ्यातल्या पार्सलची तशी एकही तक्रार दिसली नाही, म्हणून दोष वाटेतल्या ओलीचा वाटतो. मी कळंब्यात ओल अडवणाऱ्या पिशव्या विकते. अर्ध्या किलोच्या पाच पिशव्या नमुना म्हणून पाठवते, पैसे नकोत. पाच रवे त्यात आणि पाच नेहमीच्या कागदात आठवडाभर ठेवून बघा. पाठवू का? 'हो' एवढंच कळवा. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहिणार नाही.

खाली नाव आणि फोन नंबर. फाईल जोडली नाही. अनोळखी मेलमधली फाईल लोक उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

३. मेल पाठवला. सकाळी दुकानात पार्सलं बांधायची घाई असते, दुपारी मालक जरा टेकतो.

४ ला स्वतःची एक चाचणी उघडली. ओलसर गूळ मुद्दाम पिशवीत सील केला होता; आतून पाणी सुटलेलं. पिशवी बाहेरची ओल अडवते, आतली काढत नाही. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत पहिलं वाक्य तेच लिहिलं: गूळ कोरडा असेल तेव्हाच भरा.

संध्याकाळी ६.४० ला उत्तर आलं: 'हो. पण एक किलोच्या आहेत का?'

एक किलोच्या पाच पिशव्या चिठ्ठीसह बांधून दाराशी ठेवल्या आहेत.