बाबांच्या निवृत्तीच्या पेनासोबत

तीर्थरूप बाबा,


उद्या तुम्ही तहसील कार्यालयातून निवृत्त होताय. फायलींवर टिपणी लिहिताना बॉलपेन दाबून दाबून तुमच्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय, म्हणून हे शाईचं पेन. याला दाब लागत नाही. निब कागदाला नुसती टेकली की तिच्या चिरेतून शाई आपसूक उतरते. उलट जोर दिलात तर निबची दोन टोकं फाकतात आणि अक्षर जाड उमटतं.

पेन एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं आहे. शाई ड्रॉपरने थेट नळीत भरायची. एक खोड मात्र सांभाळा. शाई पाव नळीवर आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. तेवढी उरली की लगेच भरून घ्या. शाई फाउंटन पेनचीच हवी. ड्रॉइंगची शाई वाळली की निबखालच्या जिभेत घट्ट बसते, मग निघता निघत नाही. महिना-दीड महिन्याने साध्या गार पाण्याने पेन धुवा. गरम पाण्याने आणि उन्हाने एबोनाइटचा काळा रंग विटतो.

दर नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायची, ती याच पेनाने करा. आणि आता साहेबांच्या मंजुरीसाठी नव्हे, आमच्यासाठी लिहा. आजोबांच्या शेताची हकिगत तुमच्याशिवाय कुणालाच पुरती ठाऊक नाही. सोबत वही ठेवलीय. कागद जाड आहे, शाई पाठीमागे फुटत नाही. या रविवारीच सुरुवात करा.

तुमची,
लेक