भिंतीआडचा शत्रू डोकं वर का काढत नाही? शूटर गेममधलं 'कव्हर' आणि 'सप्रेशन' कसं चालतं

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. तुम्ही मोकळ्या मैदानातून पळताय. समोरच्या दगडामागे कुणीतरी दबा धरून बसलंय. तुम्हाला तो दिसत नाही, पण त्याला मात्र तुमचं प्रत्येक पाऊल दिसतंय. तुम्ही जवळ पोहोचता, तो उठतो आणि खेळ खल्लास!

यात हॅकिंग वगैरे काही नाही. थर्ड पर्सन गेममध्ये कॅमेरा पात्राच्या पाठीमागे आणि थोडा वर असतो. त्यामुळे शरीर दगडाआड आणि नजर दगडाच्या वर, अशी सोय लपणाऱ्याला फुकटात मिळते. पबजीमध्ये याबद्दल इतकी ओरड झाली की २०१७ मध्ये फक्त फर्स्ट पर्सन खेळणाऱ्यांसाठी वेगळे सर्व्हर सुरू करावे लागले.

पण जी गोष्ट ऑनलाइन सामन्यात अन्याय वाटते, तिच्याच जोरावर थर्ड पर्सन शूटरचा अख्खा प्रकार उभा राहिलाय.

भिंतीला चिकटायचं कसं, याचं उत्तर लोकप्रिय केलं २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'ने. कल्पना तिची स्वतःची नव्हती. २००३ च्या 'किल स्विच'मध्ये आडोशाला टेकणं आणि न बघता फक्त बंदूक वर करून गोळ्या झाडणं, म्हणजे ब्लाइंड फायर, आधीच होतं. 'गिअर्स'ने ते सगळं एका बटणावर इतकं सफाईदार बसवलं की पुढची काही वर्षं कंबरेएवढी भिंत नसलेला शूटर शोधावा लागायचा.

आता पडद्यामागे काय होतं ते बघू. भिंत म्हणजे काय, हे गेमला आपोआप कळत नाही. काही गेम पात्राच्या कंबरेच्या आणि डोक्याच्या उंचीवरून पुढे अदृश्य रेषा सोडतात. कंबरेची रेषा अडली आणि डोक्याची पार गेली, तर भिंत बुटकी आहे आणि वरून गोळी झाडता येईल. दोन्ही अडल्या तर भिंत उंच आहे, फक्त कडेने डोकावता येईल. इतर गेममध्ये डिझायनर हाताने खुणा पेरून ठेवतात. 'गिअर्स' ज्या अनरियल इंजिनवर बनला, त्यात लपण्याच्या अशा प्रत्येक जागेला 'कव्हर स्लॉट' म्हणत. इथे उभं राहायचं की बसायचं, कोणत्या बाजूने डोकावायचं, हे त्या खुणेतच लिहिलेलं असे. शत्रूने एक जागा धरली की ती त्याच्या नावावर लागते, म्हणून दोन शत्रू एकाच कोपऱ्यात एकमेकांत घुसलेले दिसत नाहीत.

एक अडचण मात्र उरतेच. पडद्यावरचा नेम कॅमेऱ्यातून धरलेला असतो, पण गोळी सुटते बंदुकीतून, आणि बंदूक कॅमेऱ्याच्या खाली असते. म्हणजे शत्रू स्पष्ट दिसतोय, नेमही बरोबर आहे, तरी गोळी आपल्याच भिंतीत! म्हणून बरेच गेम दोनदा तपासतात. आधी कॅमेऱ्यातून कुठे नेम आहे ते, मग बंदुकीच्या नळीपासून तिथपर्यंत वाट मोकळी आहे का ते. वाट अडलेली असेल तर काही गेम नेमाजवळ फुलीची खूण दाखवतात. ती दिसली की गोळ्या वाया घालवायच्या नाहीत, एक पाऊल बाजूला सरकायचं.

पण दोन्ही बाजूंना पक्का आडोसा मिळाला की खरा पेच सुरू होतो. कुणीच बाहेर येत नाही. तुम्ही भिंतीआड, तो भिंतीआड, आणि लढाईचा होतो 'तू डोकं काढ, मी टिपतो' असा कंटाळवाणा खेळ. बॉम्ब फेकून शत्रूला उठवणं हा एक उपाय झाला. दुसरा, जास्त रंजक उपाय म्हणजे सप्रेशन. गोळी लागली नाही तरी चालेल, पण सतत गोळ्या झाडून शत्रूला मान वर काढू द्यायची नाही.

२००८ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स: हेल्स हायवे'मध्ये हे फार स्पष्ट दिसतं. हा गेम तसा फर्स्ट पर्सन, पण आडोशाला टेकलं की कॅमेरा थर्ड पर्सन होतो. सप्टेंबर १९४४ मधलं नेदरलँड्स, समोर जर्मन सैनिक, आणि त्यांच्या डोक्यावर एक लाल वर्तुळ. तुमची तुकडी गोळीबार करत राहिली की ते हळूहळू राखाडी होतं. पूर्ण राखाडी म्हणजे शत्रू दबला. गोळीबार थांबला की लाल रंग परत चढू लागतो.

आतलं गणित कसं असू शकतं, ते एका उदाहरणातून समजून घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, ते कुठल्या ठरावीक गेमचे नाहीत. समजा प्रत्येक शत्रूकडे शून्य ते शंभरपर्यंत 'भीती'चा मीटर आहे. त्याच्या जवळून गेलेली प्रत्येक गोळी ८ गुण वाढवते. गोळीबार थांबला की दर सेकंदाला १५ गुण उतरतात. ६० ला तो खाली बसतो, पण पुन्हा उठतो ३० च्या खाली आल्यावरच. हे दोन वेगळे आकडे मुद्दाम ठेवतात. एकच आकडा ठेवला तर शत्रू दर क्षणाला उठबशा काढताना दिसेल!

तुमचे साथीदार सेकंदाला ३ गोळ्या त्याच्या जवळून घालवतायत. म्हणजे सेकंदाला २४ गुण. अडीच सेकंदांत मीटर ६० वर पोहोचतो आणि शत्रू खाली बसतो. आता त्यांना मॅगझिन बदलायला ३ सेकंद लागणार आहेत. त्यांनी तिथेच थांबून मॅगझिन बदललं, तर दोन सेकंदांत मीटर ३० वर येतो. तुम्ही मैदानाच्या मधोमध, आणि समोर शत्रू उठलेला. त्याऐवजी आणखी पावणेदोन सेकंद गोळीबार चालू ठेवला, तर मीटर शंभरवर जातो. मग ३ सेकंदांच्या खंडानंतरही तो ५५ वर असतो आणि शत्रू खालीच राहतो.

नवखे खेळाडू इथेच फसतात. शत्रू खाली बसला की लगेच धावतात. पण मीटर काठोकाठ भरलेला नसेल तर ती सूट फार थोडी असते. तुम्ही अर्ध्या वाटेवर असताना वर्तुळात लाल रंग दिसू लागला, तर समजायचं की घाई झाली.

दबलेल्या शत्रूचा नेम ढळतो, तो जागा बदलत नाही आणि त्याचं लक्ष गोळ्या येणाऱ्या दिशेलाच अडकून राहतं. सगळ्यात कामाची गोष्ट ही शेवटचीच. तो गोळ्यांकडे बघत असताना तुम्ही बाजूने वळसा घालून जाता, आणि बाजूने आलेल्या गोळीपुढे समोरची भिंत काहीच करू शकत नाही. सप्रेशन म्हणजे मारणं नव्हे, वळसा घालण्यासाठी वेळ विकत घेणं.

समोर माणूस असला की मात्र सगळं बिघडतं. माणसाच्या डोक्यात मीटर बसवता येत नाही. मग काही गेम पडदा धूसर करतात, नेम हलवतात. २०११ च्या 'बॅटलफील्ड ३'ने, म्हणजे एका फर्स्ट पर्सन गेमने, हे जोरात करून पाहिलं आणि अनेक खेळाडू वैतागले. समोरच्याचा नेम चुकला, तरी शिक्षा आपल्याला का? तक्रार अगदीच चुकीची नव्हती.

बीजीएमआयच्या शेवटच्या सर्कलमध्ये असा कुठलाही मीटर लागत नाही. एकजण डीपी-२८ च्या ४७ गोळ्या खिडकीवर सोडत राहतो आणि आतला स्क्वॉड खाली बसून राहतो, कारण इथे मेलं की सामना संपला. तोवर बाकीचे तिघं मागच्या दाराशी पोहोचलेले असतात. टीम डेथमॅचमध्ये हेच करून बघा. समोरचा बिनधास्त खिडकीत उभा राहतो, कारण मेला तरी काही सेकंदांत तो परत मैदानात येणार असतो.